दुभाषीचा चेहरा किती मिलिमीटरचा?

पावसाळा तोंडावर आला की महापालिका, जिल्हा परिषदा आणि आरोग्य खात्याच्या माहितीफिती मोबाइलवर फिरू लागतात. अलीकडे त्यांतल्या काहींमध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट असते आणि तिच्यात सांकेतिक भाषेतली दुभाषी हातवारे करताना दिसते. ऐकू येणाऱ्या प्रेक्षकाला वाटतं, चला, कर्णबधिरांचीही सोय झाली. ती खरंच झाली आहे का, हे तपासायला साधी मोजपट्टी पुरते.

मोबाइल उभा धरून आडवी फीत लावली, तर साधारण साडेसहा इंची पडद्यावर तिची रुंदी पावणेसात सेंटिमीटरच्या आसपास आणि उंची पावणेचार सेंटिमीटर भरते. कोपऱ्यातली चौकट बहुतेक वेळा फितीच्या पाव उंचीची असते, म्हणजे जेमतेम 1 सेंटिमीटर. त्या 1 सेंटिमीटरमध्ये डोक्यापासून कमरेपर्यंतचं शरीर बसवायचं असतं. सगळं धरून ते 85 ते 90 सेंटिमीटर होतं आणि त्यातलं डोकं साधारण 22 सेंटिमीटरचं. हिशेब केला की चेहरा उरतो अडीच मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा. बोटाची जाडी तर पाव मिलिमीटरही भरत नाही.

हा चेहरा इतका का मोजायचा? कारण सांकेतिक भाषा केवळ हातांनी बोलली जात नाही. भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. मान नकारार्थी हलली की अर्थ उलटतो. गाल, ओठ, डोळ्यांचा आकार यांवरून ‘थोडं’ आणि ‘खूप’ यांतला फरक कळतो. ब्रिटनमधल्या संशोधकांनी नजरेचा माग घेणारी उपकरणं वापरून पाहिलं, तेव्हा सांकेतिक भाषा पाहणाऱ्या कर्णबधिर प्रेक्षकांची नजर जवळजवळ सगळा वेळ समोरच्याच्या चेहऱ्यावर, तोंडाच्या आसपास टिकून असल्याचं दिसलं. हातांच्या हालचाली ते नजरेच्या कडेनं टिपतात. नजरेच्या मध्यभागी बारीक तपशील दिसतात आणि कडेला फक्त ठळक हालचाल कळते. म्हणून चेहरा बारकाईनं दिसेल इतका मोठा हवा आणि हात कडेनंही ओळखू येतील इतके सुटे हवेत. चौकट लहान केली की या दोन्ही गोष्टी एकदमच हातच्या जातात.

त्यात फीत व्हॉट्सॲपवरून पुढे पुढे जाते. मूळ फीत 1080 ओळींची असली, तरी वाटेत ती दाबली जाऊन बऱ्याचदा 480 ओळींच्या आसपास येते. पाव उंचीच्या चौकटीला तिथे 120 ठिपके मिळतात, चेहऱ्याला 30 आणि बोटाला दोन. शिवाय फाइल लहान करणारी यंत्रणा वेगानं हलणाऱ्या भागातला तपशील आधी कमी करते, आणि या चौकटीत वेगानं हलतात ते हातच. दोन बोटं आणि तीन बोटं यांतला फरक तिथेच पुसला जातो.

ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ‘ऑफकॉम’च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे की दुभाषी सहसा पडद्याच्या उजव्या बाजूला असावी आणि तिनं किमान एक षष्ठांश चित्र व्यापावं. जगभर हाच आकडा सांगितला जातो. तो चुकीचा नाही, पण तो दिवाणखान्यातल्या टीव्हीचा विचार करून ठरलेला आहे. एक तृतीयांश रुंदी आणि अर्धी उंची अशी चौकट घेतली की बरोबर एक षष्ठांश भरतो. टीव्हीवर ती पुरेशी मोठी दिसते. उभ्या धरलेल्या मोबाइलवर मात्र त्याच चौकटीतला चेहरा 5 मिलिमीटरच्या आत राहतो. अडीचपेक्षा दुप्पट चांगला, तरी डोळे ताणायला लावणाराच.

काही संपादक दुभाषीला एका बाजूला पूर्ण उंचीचा अरुंद पट्टा देतात. पट्टा ऐसपैस वाटतो, पण त्यातही एक अडचण आहे. सांकेतिक भाषेची जागा जवळपास चौरस असते. डोक्याच्या थोडं वरपासून कमरेपर्यंत जेवढी उंची लागते, तेवढीच रुंदी दोन्ही कोपर मोकळेपणानं बाहेर जाण्यासाठी लागते. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी मुळाक्षरंसुद्धा दोन हातांनी केली जातात. माणसं, ठिकाणं, आधीचं-नंतरचं अशा गोष्टींना अंगाच्या डावी-उजवीकडे जागा नेमून दिल्या जातात आणि पुढे त्या जागांकडे बोट दाखवून बोललं जातं. अरुंद पट्ट्यात एक तर कोपर कापले जातात, नाहीतर ते मावावेत म्हणून दुभाषीला लहान करावं लागतं आणि खाली पायांसाठी जागा फुकट जाते. गोल चौकटीची हल्ली फॅशन आहे, तिचं दुखणंही हेच. वर्तुळात चेहरा छान बसतो आणि हात बाहेर गेले की वाक्याचा तुकडा पडतो.

आता एक फीत नमुना म्हणून घेऊ. विषय पावसाळ्यातले जुलाब आणि घरच्या घरी करायचं मीठ-साखरेचं पाणी. लांबी 1 मिनिट. कृती नेहमीचीच आहे: 1 लिटर स्वच्छ पाणी, 6 सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, आणि चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून इथे आकडा चुकून चालत नाही. शेवटचं वाक्य आहे, ‘तयार केलेलं पाणी 24 तासांनंतर वापरू नका.’

नेहमीच्या पद्धतीनं ही फीत अशी तयार होते. आधी चित्रीकरण, मग आवाज, मग चित्रांचं संकलन, मग खाली लाल पट्टी, उजवीकडे खात्याचं बोधचिन्ह आणि हेल्पलाइनचा क्रमांक. सगळं मंजूर झाल्यावर कुणाला तरी दुभाषीची आठवण होते. तिला बोलावून हिरव्या पडद्यासमोर उभं करतात आणि आवाज ऐकवत एका दमात रेकॉर्डिंग उरकतात. संकलक म्हणतो, “मॅडम, तुम्हाला इथे खाली बसवतो, तेवढीच जागा शिल्लक आहे.” त्या ‘तेवढीच’मध्येच पुढच्या चुकांचं मूळ असतं.

पहिली चूक एकाच वेळी दोन गोष्टी दाखवण्याची. पडद्यावर चमचा साखरेत बुडतो आणि निवेदक म्हणतो, “सहा चमचे साखर.” ऐकणारा माणूस डोळ्यांनी चमचा पाहतो आणि कानांनी आकडा घेतो. कर्णबधिर प्रेक्षकाला दोन्ही कामं डोळ्यांनीच करावी लागतात. तो दुभाषीकडे पाहत असताना चमचा सपाट होता की शीग भरलेला, हे निसटतं. चमच्याकडे पाहायला गेला तर ‘सहा’ हातचा जातो. चौकट कितीही मोठी केली तरी ही अडचण सुटत नाही. त्यासाठी वेळ द्यावा लागतो. आधी दुभाषीनं वाक्य पूर्ण करावं, मग तिनं हात खाली घेऊन शेजारच्या चित्राकडे बघावं, तेव्हा चमच्याची कृती घडावी आणि ते चित्र दोन सेकंद तसंच थांबावं. तिची नजर वळली की प्रेक्षकाची नजरही वळते. अशा थांब्यांनी 1 मिनिटाची फीत सव्वा मिनिटाची होते. ती होऊ द्यावी.

दुसरी चूक शेवटाची आहे आणि माझ्या मते सगळ्यांत घातक. दुभाषी वाक्याचा अर्थ लक्षात आल्यावर बोलू लागते, त्यामुळे ती आवाजाच्या काही सेकंद मागे असते. फीत मात्र आवाज संपला की कापली जाते आणि खात्याचं बोधचिन्ह येतं. भारतीय सांकेतिक भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. प्रश्नवाचक खूणही सहसा शेवटीच येते. आपल्या फितीतलं शेवटचं वाक्य तिथे ‘तयार पाणी, 24 तासांनंतर, वापरणं, नाही’ अशा क्रमानं उलगडतं. दोन सेकंद आधी कात्री लागली तर ‘नाही’ जातं आणि उरतो उलटा सल्ला. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नसतो, कारण त्याच्या कानावर वाक्य पूर्ण पडलेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. शेवटच्या चित्रात दुभाषीचे हात खाली येऊन स्थिर झालेले दिसले पाहिजेत. हात हवेत असताना चित्र बदललं तर काहीतरी कापलं गेलं आहे.

तिसरी चूक पट्ट्यांची. खालच्या उजव्या कोपऱ्यावर सगळ्यांचाच हक्क असतो: वाहिनीचं बोधचिन्ह, सरकती पट्टी, हेल्पलाइन, मथळे. दुभाषी कमरेपर्यंत दिसत असेल आणि तिच्यावरून पट्टी गेली, तर पोटाजवळ केलेल्या खुणा झाकल्या जातात. मराठी मथळे द्यायलाच हवेत. उशिरा ऐकू येईनासं झालेल्या अनेकांना सांकेतिक भाषा येत नाही, त्यांचा आधार तेच आहेत. पण अनेक जन्मतः कर्णबधिर माणसांसाठी लिखित मराठी ही शाळेत कष्टानं शिकलेली दुसरी भाषा असते. म्हणून मथळे आहेत तर दुभाषी कशाला, किंवा दुभाषी आहे तर मथळे कशाला, हे दोन्ही युक्तिवाद टिकत नाहीत. मथळ्यांची ओळ दुभाषीच्या चौकटीच्या पूर्ण खाली किंवा चित्राच्या बाजूला असावी, हातांवर कधीच नसावी. हेल्पलाइनचा क्रमांक फक्त बोलून वापरता येत असेल, तर त्याच्याजवळ संदेश पाठवायचा क्रमांकही हवा.

एक चूक सहज नजरेत येत नाही. दुभाषीचं तोंड चित्राच्या दिशेनं दिसावं म्हणून संकलक तिची प्रतिमा आरशासारखी उलटवतो. त्यानं उजव्या हातानं बोलणारी व्यक्ती डावरी होते, तेवढं एक वेळ चालेल. पण ‘डावीकडच्या पुलावरून जाऊ नका’ असं सांगताना तिचं बोट उजवीकडे जातं आणि शेजारचा नकाशा डावीकडे दाखवतो. पुराच्या सूचनेत हे परवडणार नाही. प्रतिमा उलटवायची नाही, गरज असेल तर दुभाषीला दुसऱ्या बाजूला उभं करून पुन्हा चित्रित करायचं.

मग हीच फीत नीट कशी करायची? मुळात ती कोणत्या पडद्यावर पाहिली जाणार, हे आधी ठरवावं. आज अशा फिती मुख्यतः मोबाइलवरच फिरतात, म्हणून मी उभी फीत निवडेन. उभा पडदा साधारण पावणेसात सेंटिमीटर रुंद आणि फीत 12 सेंटिमीटर उंच. रील्ससारख्या ठिकाणी तळाशी नाव, मजकूर आणि उजवीकडे बटणं येतात, त्यामुळे खालचा पाचवा भाग रिकामा सोडावा. उरलेल्या साडेनऊ सेंटिमीटरमध्ये वर चार-सव्वाचार सेंटिमीटर चमचा, पातेलं, साखर यांच्या चित्राला आणि खाली सव्वापाच-साडेपाच सेंटिमीटर दुभाषीला. बटणं तिच्या हातांवर येऊ नयेत म्हणून ती मधोमध न ठेवता किंचित डावीकडे. हा भाग जवळपास चौरस आहे, म्हणजे सांकेतिक भाषेला लागतो तसाच. इथे चेहरा सव्वा सेंटिमीटरहून मोठा येतो, कोपऱ्यातल्या चौकटीतल्या चेहऱ्याच्या पाचपट. टीव्हीसाठी तीच सामग्री वापरून आडवी आवृत्ती करता येते. तिच्यात दुभाषीला उजवीकडचा एक तृतीयांश ते निम्मा पडदा द्यावा आणि बाकीचं चित्र आक्रसून डावीकडे बसवावं. चित्र लहान झालं की ते ‘दबलं’ असं निर्मात्याला वाटतं. साखरेचा चमचा आक्रसला तरी ओळखू येतो, आक्रसलेली भुवई ओळखू येत नाही.

चित्रीकरणात थोडीच पथ्यं आहेत, पण ती कडक आहेत. कॅमेरा दुभाषीच्या छातीच्या उंचीला आणि समोरासमोर ठेवावा. डोक्यावर थोडी मोकळी जागा सोडावी आणि दोन्ही हात बाजूला पसरून कोपर कापले जात नाहीत, हे सुरुवातीलाच करून पाहावं. एकदा चौकट ठरली की मध्ये झूम करायचा नाही आणि कोनही बदलायचा नाही. सेकंदाला किमान 25 चित्रं आणि शटर 1/100 सेकंदाच्या आसपास ठेवलं तर वेगात हलणारी बोटं धूसर होत नाहीत. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर दिवे लुकलुकण्याचा त्रासही या वेगात सहसा होत नाही. प्रकाश दोन्ही बाजूंनी मऊ असावा, कारण वरून पडलेल्या एकाच दिव्यानं भुवयांखाली सावली येते आणि भुवई दिसेनाशी होते.

कपड्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. हात बहुतेक वेळ छातीसमोर असतात, म्हणून अंगातला कपडा हीच हातांची पार्श्वभूमी ठरते. तो एकरंगी आणि दुभाषीच्या अंगकांतीहून स्पष्ट वेगळा हवा. गव्हाळ वर्णावर बदामी कुर्ता घातला की हात विरघळून जातात. नक्षीदार काठ, चमकत्या बांगड्या, मोठी घड्याळं बाजूला ठेवावी लागतात. मागे हिरवा पडदा लावून नंतर तो काढून टाकणार असाल, तर बोटांच्या कडा तपासाव्यात. घाईत कापलेल्या प्रतिमेत आधी बारीक बोटंच खाल्ली जातात. साधी फिकट निळी किंवा राखाडी भिंत अनेकदा जास्त खात्रीची असते.

आणखी एक पर्याय मला याहून चांगला वाटतो. आधीच चित्रित करायच्या फितीत आवाजाच्या मागे धावण्याची सक्ती नसते. संहिता आधी देऊन एखाद्या कर्णबधिर व्यक्तीलाच निवेदक करता येतं. ती संपूर्ण पडद्यावर आपल्या भाषेत कृती सांगेल, हवा तिथे थांबेल, चमचा स्वतःच्या हातात धरून दाखवेल, आणि ऐकणाऱ्यांसाठी वरून मराठी आवाज जोडता येईल. मग चौकटीचा प्रश्नच राहत नाही.

थेट प्रक्षेपणाचं मात्र तसं नाही. तिथे दुभाषी मंचावर उभी असली तरी कॅमेरा मंत्र्यांच्या चेहऱ्याजवळ गेला की ती चौकटीबाहेर जाते. 2020 साली करोनाकाळात न्यूयॉर्क राज्यात यावर खटला झाला. तिथल्या गव्हर्नरांच्या रोजच्या निवेदनाचं सांकेतिक भाषेतलं प्रक्षेपण इंटरनेटवर वेगळं मिळत होतं, पण टीव्हीच्या चित्रात दुभाषी नव्हती. काही कर्णबधिर नागरिक न्यायालयात गेले आणि न्यायालयानं दुभाषी प्रक्षेपणाच्या चित्रातच दिसली पाहिजे असा आदेश दिला. पुढच्या वर्षी लंडनच्या उच्च न्यायालयात तिथल्या सरकारविरुद्धचा खटला निकाली निघाला. दुभाषी मंचावरच उभी असली पाहिजे हा आग्रह न्यायालयानं मान्य केला नाही, पडद्यावरची चालेल असं म्हटलं. पण 2020 च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबरमधल्या ज्या दोन निवेदनांत पडद्यावरही दुभाषी नव्हती, तिथे सरकारनं कायदा मोडल्याचा निर्णय दिला. म्हणजे दुभाषी सभागृहात कुठे उभी आहे यापेक्षा ती घरातल्या पडद्यावर दिसते का, यावर निकाल लागला.

भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 42 व्या कलमात दृक्श्राव्य माध्यमांत सांकेतिक भाषेची आणि मथळ्यांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठीच्या बातम्या 1987 पासून आहेत. 2019 मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयानं टीव्ही वाहिन्यांसाठी सुगम्यतेचे निकषही काढले. दुभाषी मिळत नाहीत ही तक्रार काही अंशी खरी असली, तरी प्रशिक्षणाची सोय मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत आहे आणि दिल्लीत 2015 साली स्थापन झालेलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची नोंद 50 लाखांवर झाली होती. त्यांतले सगळे सांकेतिक भाषा वापरत नाहीत, पण वापरणाऱ्यांना दुसरा मार्ग नाही.

तुमच्या गावच्या नगरपालिकेची, शाळेची किंवा दवाखान्याची फीत तुमच्या हातून पुढे जाणार असेल, तर एवढं करा. ती व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, फोन उभा धरा, आवाज बंद करा आणि दुभाषीच्या भुवया दिसतात का पाहा. मग ती सांकेतिक भाषा वापरणाऱ्या एका कर्णबधिर व्यक्तीला दाखवा आणि विचारा, साखर किती, मीठ किती, पाणी किती वेळ चालतं. तीनपैकी एक जरी उत्तर चुकलं, तरी फीत पुढे पाठवू नका, संकलकाकडे परत द्या.